वाईटात वाईट किती दिवस?

शिरपूरच्या अलीकडे, तापीकाठच्या एका गावात आम्ही केळीचं पॅकहाऊस बांधत होतो. पत्र्याची शेड आधीच उभी होती. राहिली होती ती आतली थंड खोली. केळी कापली की आधी या खोलीत गार करायची आणि मग परदेशी जाणाऱ्या कंटेनरमध्ये भरायची. खोली नसेल तर केळी वाटेतच पिकतात आणि कंटेनर उघडणारा माणूस तिकडून फोन करतो. तो फोन कोणालाच नको असतो.

माझी कंपनी जळगावची, मी धुळ्याची, आणि स्वतंत्रपणे सांभाळायला मिळालेलं हे माझं पहिलं काम. मालक म्हणजे गावातले एक आबा. त्यांच्या भरवशावर गावातल्या बागाईतदारांनी आपला माल बाहेरच्या व्यापाऱ्याला न देता इथे द्यायचं कबूल केलं होतं. तारीख चुकली तर पुढच्या वर्षी आपल्या ओट्यावर कोणी बसायला येणार नाही, हे आबांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. त्यांना एक तारीख हवी होती. माझ्या साहेबांना करारात लिहायलाही एकच तारीख हवी होती, आणि तीही जवळची.

कामं चार, एकामागून एक. जमीन काँक्रीटची करायची, तिच्यावर जाड पॅनलच्या भिंती उभ्या करायच्या, कूलिंगचं मशीन बसवून पाइप जोडायचे, आणि चालवून बघायचं. प्रत्येक कामाला मी तीन आकडे विचारते. सगळं सुरळीत झालं तर किती दिवस, नेहमी किती लागतात, आणि वाईटात वाईट किती. पहिला आकडा, दुसऱ्याची चौपट आणि तिसरा, यांची बेरीज करून सहाने भागायचं. म्हणजे नेहमीच्या आकड्याचा मान राहतो आणि वाईटाकडेही दुर्लक्ष होत नाही.

पहिले दोन आकडे सगळ्यांनी चहा संपायच्या आत दिले. तिसऱ्याला सगळे अडले. मशीनवाले मिस्त्री म्हणाले, "नऊ दिवस. नेहमी बारा. आणि वाईटात वाईट... तेरा धरा."

"बाराचे तेरा?"

"मॅडम, अजून नारळ फुटला नाही. कामाच्या तोंडावर वाईट कसं बोलायचं?"

जमीनवाल्याने दहाचे अकरा केले, पॅनलवाल्याने चौदाचे पंधरा. तिघांचेही तिन्ही आकडे एका हातरुमालाखाली झाकले असते. असे आकडे घेऊन गणित केलं की ते अगदी बरोबर येतं आणि काहीही उपयोगाचं नसतं. मी चिडले. माझा राग नाकावर असतो, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. पण हे लोक लबाडी करत नव्हते. माझी आईसुद्धा प्रवासाला निघताना "पोहोचलो नाही तर" असं वाक्य पुरं करू देत नाही.

मग मी प्रश्न बदलला. होणाऱ्या कामाबद्दल विचारलंच नाही. मिस्त्रींना म्हटलं, "आजवर तुमचं सगळ्यात जास्त रखडलेलं काम कोणतं?"

त्यावर ते ऐसपैस बसले. झालेलं वाईट सांगायला कोणाचीच हरकत नसते, उलट उत्साह असतो. एका ठिकाणी कॉम्प्रेसर वाटेत आदळून आला, तो परत गेला, दुसरा आला तर त्याचा व्हॉल्व्ह गळका. "तेहतीस दिवस, मॅडम! अंगावर शहारा येतो." मी तेहतीस लिहून घेतले. बाकी दोघांकडेही अशाच कहाण्या होत्या, आणि त्यांनी एकमेकांवर कडी करत त्या सांगितल्या. शेवटच्या चाचणीचे आकडेही मिस्त्रींनीच दिले, दोन, तीन आणि दहा.

मशीनचं गणित बारावरून पंधरावर गेलं. चारही कामांचे नेहमीचे आकडे मिळवले तर एकोणचाळीस दिवस होत होते, आणि माझ्या हिशेबाने पंचेचाळीस. पण पंचेचाळीस म्हणजे साधारण निम्मी शक्यता. म्हणून प्रत्येक कामात वाईट आणि चांगल्यातलं अंतर सहाने भागून त्याचा वर्ग केला, ते वर्ग मिळवले आणि वर्गमूळ काढलं. पाच दिवस आले. सगळी संकटं एकाच वेळी येत नाहीत, म्हणून सगळे वाईट आकडे सरळ मिळवायचे नसतात. तसे मिळवले तर पंच्याऐंशी दिवस होतात आणि गिऱ्हाईक पळून जातं. पंचेचाळीस आणि पाच, पन्नास. पन्नास दिवसांत काम व्हायची शक्यता सहात पाच.

साहेब फोनवर म्हणाले, "चाळीस लिही. सगळे चाळीसच लिहितात."

"चाळिसात व्हायची शक्यता सहात एक आहे, सर."

"मग ती एक पकड ना."

मी पन्नास लिहिले. साहेब दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले. ते एरवीही तेवढंच बोलायचे.

नारळ फोडायच्या दिवशी बागाईतदार जमले. आबांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "पन्नास दिनमा व्हई का? खरं सांग."

"सहात पाच वेळा होईल, आबा. एकदा नाही."

नारळ हातात धरलेला माणूस तसाच थांबला. एक अक्का म्हणाल्या, "शुभ बोल व माय!" मागून कोणीतरी विचारलं, "आनि नही व्हयनं ते?"

माझं गणित शक्यता सांगतं, ती कोणाच्या बांधावर उतरेल ते सांगत नाही. पहिल्या कंटेनरसाठी ज्यांचे घड त्याच सुमारास कापणीला येणार होते, ते थांबू शकणार नव्हते. जास्त भरलेली केळी परदेशी जात नाहीत. सगळे एकमेकांकडे बघू लागले. तेवढ्यात आबा म्हणाले, "पहिली गाडी मना वावरनी. बाकी बठ्ठासनी नंतर."

दोघा-तिघांनी तोंडं वाकडी केली. मलाही वाटलं, मालक झाला की पहिला मानही यालाच हवा. नारळ फुटला.

जमीन आणि पॅनल वेळेत झाले. मशीन आलं, बसलं, आणि चाचणीत पाइपचा एक जोड गळला. मिस्त्रींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू ते तेहतीस मीच बोलून ठेवले होते. पन्नासावा दिवस उजाडला तेव्हा खोलीतली हवा बाहेरच्याइतकीच गरम होती.

मी आबांना सांगायला त्यांच्या शेतात गेले. तिथे कापणी चालू होती. बांधाला साधा ट्रक लागला होता, उत्तरेकडे जाणारा, जो कोणतीही केळी पडेल त्या भावाने घेतो. निर्यातीसाठी वर्षभर जपलेले, पिशव्या घालून वाढवलेले घड त्यात पाल्यावर रचले जात होते.

"आबा, चार दिवसांत खोली सुरू होईल."

"व्हई ना. चार दिनमा गाववालासना माल येई, तो बराबर जाई." त्यांनी पुढचा घड खांद्यावरून उतरवून दिला. "तुनी एकदा नहीवाली गोट. ती कोनतातरी वावरमा येनारच व्हती."

मला रडू आलं, आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी ट्रकच्या पलीकडे जाऊन साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "तारीख चुकली ना तुझी?"

"चुकली, सर."

"कोणाचं नुकसान झालं?"

"एकाचंच," मी म्हटलं. "त्याने आधीच सांगून ठेवलं होतं."