देतो म्हणाला, आणि श्वास घेतला

माणूस श्वास घ्यायला थांबला की त्याचं बोलणं संपलं, असं धरून चालणाऱ्यांचा मला अजूनही संताप येतो.

मी परभणीत वाचा-उपचाराचं काम करते. गंगाखेडकडच्या एका गावातला एक माणूस ऊस भरताना ट्रकवरून पडला आणि मानेच्या खालच्या मणक्याला मार बसला. हात बरे चालत, छातीपासून खालचं अंग गेलं. घसा ठणठणीत होता. तरी बसवलं की चार शब्दांत त्याचा आवाज बारीक व्हायचा. बायको बिचारी हळद-मध चाटवत होती.

बोलायला हवा लागते, आणि त्या हवेचा स्वरतंतूंखाली दाब टिकावा लागतो. दाब जास्त तर आवाज मोठा. भरून श्वास घेतला की फुगलेली छाती आपोआप बसताना सुरुवातीचे शब्द बाहेर काढते. पुढचे शब्द फासळ्यांच्या आणि पोटाच्या स्नायूंनी रेटायचे असतात. याचे रेटणारे स्नायूच गेले होते. श्वास आत ओढणारं श्वासपटल तेवढं शाबूत होतं. बसवलं की सैल पोट पुढे ओघळे, श्वासपटल आधीच खाली उतरून बसे आणि श्वास तोकडा पडे. आडवा असला की पोट आत राही आणि वाक्य जरा लांब जमे.

घरच्यांनी त्यावरून निष्कर्ष काढला की बसणं त्याला सोसत नाही, पडूनच राहू द्या. थोरल्या भावाला ते बरंच पडलं. घरात मग त्याचाच आवाज उरला.

त्या दिवशी मी गेले तर ओसरीवर सोयरिकीची बैठक. त्याची मुलगी परभणीला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. बापाने शब्द द्यायचा, म्हणून त्याला उशांच्या टेक्याने बसवलेला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

“पोरगी तुमच्या घरात देतो,” तो म्हणाला, आणि हवा संपली.

त्याने श्वास घेईपर्यंत थोरल्याने मांडीवर थाप मारली. “झालं! बापानं शब्द देला!” साखर वाटली गेली. त्याचे ओठ हलत होते, “पण शिकणं...” एवढं मला ऐकू आलं. बाकी कुणाला नाही. एकाने तर त्याच्याच तोंडात साखर घातली! मुलगी दारात उभी होती, ती आत निघून गेली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणाले, त्यांचं वाक्य पूर्ण व्हायचंय. थोरला म्हणाला, “मॅडम, तुमी घसा बघा. घरातलं आमी बघतो.”

पाहुणे गेल्यावर मुलीच्या बापाने मला विचारलं, “तारीख धरायला येतेत परत. तवा पुरं बोलता येईल का?”

मी आमच्या फिजिओथेरपिस्टना विचारून रुंद पोटपट्टा आणला. थोरला ओरडला, “पोट आवळल्यावर श्वास कसा घेईल? मारता का त्याला?” मी फासळ्या मोकळ्या सोडून, सरळ बसवून पट्टा बांधला. पोट आत राहिलं, श्वासपटल वर चढलं, त्याला खाली यायला जागा झाली. त्याच्या बायकोने त्याचा भरलेला आवाज ऐकला आणि ती पदर तोंडाला लावून रडायला लागली.

तरी लांब वाक्याला मध्ये श्वास लागणारच. तो कुठे घ्यायचा, तेच आम्ही घोकलं. ऐकणाऱ्याला वाक्य पुरं झालंसं वाटेल तिथे नाही. ते अर्धवट लोंबकळत असेल तिथे, आवाज खाली न पाडता. सुरुवात भरल्या छातीने. मान आवळून जोर लावायचा नाही.

पाहुणे परत आले तेव्हा तो ओसरीवर खुर्चीत ताठ बसला होता.

“माज्या पोरीचं शिकणं पुरं झाल्याबिगर मी...”

आवाज वरच ठेवून त्याने श्वास घेतला. थोरल्याने तोंड उघडलं. याने नुसता हात वर केला.

“...तारीख धरू देणार न्हाई. थांबायचं आसंल तर थांबा.”

मुलाचे वडील टोपी काढून डोकं खाजवत म्हणाले, “हे तवाच सांगायचं की हो.”

मला हसू आलं नाही. तवाच सांगत होता तो!

थोरला पुढे झाला, खांद्याला हात लावून गोड आवाजात म्हणाला, “दम लागायलाय तुला. चल, आडवा हो.”

त्याने खांद्यावरचा हात झटकला. पुरता श्वास भरून घेतला, आणि बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं बोलला, “दम लागलाय, दादा. मेलो न्हाई मी.”