चौतीस की अठरा

परळच्या आमच्या कॉलेजात मी शिकवायला लागलो तेव्हा मला वाटायचं, आपल्याला सगळं येतं. आता तसं वाटत नाही, पण ही प्रगती फार उशिरा झाली. आणि तिची किंमत माझ्या खिशातून गेली नाही, हा त्यातला खरा वाईट भाग.

गेल्या वर्षी माझ्याकडे एमई करणारी एक मुलगी होती. नायगावला चाळीत राहायची, आई आमच्या समोरच्याच हॉस्पिटलात आया. बंगळुरूच्या एका चिप डिझाइन कंपनीने तिला घेतलं होतं, अट एकच: ऑगस्टात रुजू होताना पदवी हातात पाहिजे. म्हणजे जूनचा व्हायवा, थीसिसची तोंडी परीक्षा, पार पडला पाहिजे. गाइड मी. आमच्यात गाइड म्हणजे थीसिसच्या शेवटच्या पानावर सही करणारा माणूस. मधली पानं वाचायची सक्ती नाही, अशी माझी समजूत होती.

तिचा विषय बेरजेचा. चिपमध्ये बत्तीस घरांची बेरीज करायची तर शाळेतल्यासारखाच हातचा एका घरातून दुसऱ्या घरात सरकत जातो, आणि सगळा वेळ त्याच्या वाटेतच जातो. साधी बेरीज बत्तीस पावलं खाते. ही वाट छोटी करायच्या दोन युक्त्या ती तपासत होती. दोन्हीत घरांचे गट पाडतात. कॅरी-स्किपमध्ये, गटातलं प्रत्येक घर आलेला हातचा नुसता पुढे ढकलणार असेल, तर त्याला आतून न फिरवता बाजूच्या वाटेने थेट पुढच्या गटात सोडतात. कॅरी-सिलेक्टमध्ये प्रत्येक गट दोन बेरजा आधीच करून ठेवतो, एक हातचा आला धरून, एक नाही आला धरून. खरा हातचा पोचला की एक उचलायची. वेळ वाचतो, सामान जवळजवळ दुप्पट लागतं.

तिने आठ-आठ घरांचे चार गट घेऊन हाताने हिशेब मांडला होता. स्किप: पहिल्या गटात आठ पावलं, मधले दोन गट टाळायला दोन, शेवटच्या गटात पुन्हा आठ. अठरा. सिलेक्ट: आठ, आणि पुढे निवडायची तीन. अकरा. गट चार-चार घरांचे केले तर स्किप चौदावर येतं, सिलेक्ट अकरावरच राहतं. सिलेक्ट जिंकतंच, पण गट छोटा केला की स्किप बरंच जवळ येतं आणि सामान कमी खातं. हाच तिचा निष्कर्ष.

मग तिने सॉफ्टवेअरचा टायमिंग रिपोर्ट काढला आणि माझ्या केबिनमध्ये आली.

"सर, काहीतरी लोचा आहे. रिपोर्ट नॅनोसेकंदात आहे, पण पावलांत मोजला तर स्किपचे चौतीस येतायत. साध्या बेरजेचे बत्तीस. आणि गट छोटा केला तर अडतीस. म्हणजे उलटंच चाललंय."

मी तेव्हा लालबागहून आणलेलं फरसाण खात होतो. हात तेलकट, त्यामुळे कागद हातात घेतला नाही. लांबूनच बघितला.

"टूल काय म्हणतं?"

"चौतीस."

"मग चौतीस. टूल लाखो रुपयांचं आहे, तुझं पेन दहाचं."

"पण सर, स्किप लावून साध्यापेक्षा हळू कसं होईल? मग लावायचं कशाला?"

"अगं, पुस्तकातलं पुस्तकात राहतं. चिप वेगळी असते. हाताच्या हिशेबाचं पान काढून टाक, एक्झामिनर उगाच खोदत बसेल."

वाक्य मला एवढं आवडलं की घरी जेवताना बायकोलाही ऐकवलं. ती म्हणाली, "तुम्ही चिप कधी बनवलीय?" मी आमटी वाढून घेतली.

व्हायवाच्या दिवशी बाहेरचे एक्झामिनर शीवहून बस मिळेना म्हणून टॅक्सीने आले, घामाघूम. पंधरा वर्षं उद्योगात काढलेला माणूस. पहिल्या तक्त्यावरच थांबले.

"बेटा, तुझ्या मते स्किप हे साध्या बेरजेपेक्षा हळू आहे?"

"रिपोर्टप्रमाणे, सर."

"चौतीस पावलांची ही वाट सांग बरं मला. हातचा कुठून कुठे जातो?"

ती फळ्यावर गेली. पहिल्या गटातून आठ, दुसऱ्यात आठ आणि बाजूच्या वाटेच्या फाट्यावर एक, तिसऱ्यात तसंच, मग शेवटचे आठ. खडू थांबला. मला मागे बसून दिसलं, तिच्या डोक्यात काय चाललंय ते.

"सर, असा हातचा असूच शकत नाही."

"का?"

"दुसऱ्या गटातून तो आतून पूर्ण जायचा तर सगळ्या घरांनी पुढे ढकललं पाहिजे. आणि सगळ्यांनी ढकललं तर फाटा बाजूची वाट घेतो, आतली नाही. नाहीतर मध्येच एखादं घर त्याला अडवणार."

"मग टूलने चौतीस कुठून आणले?"

"टूल फक्त सगळ्यात लांब तार मोजतं. त्या तारेवरून कधी काही जाईल का, हे ते बघत नाही. आपल्यालाच सांगावं लागतं, ही वाट सोडून दे."

"आणि तू सांगितलंस?"

"नाही."

"इतकं समजतं तर थीसिसमध्ये का नाही?"

ती वळली नाही. फळ्याकडेच बघत म्हणाली, "हाताचा हिशेब केला होता, सर. अठरा आले होते. गाइड सरांनी पान काढायला सांगितलं."

एक्झामिनर माझ्याकडे वळले. इथे शहाण्या माणसाने 'हो' म्हणून गप्प बसायचं. मी म्हणालो, "सर, टूल महाग आहे ना, त्याचा मान राखला." आणि हसलो. एकटाच.

"चूक माझी आहे," मी मग म्हणालो. "तिला पास करा. दुरुस्ती मी करून घेतो."

"काय हो, चूक तुमची, पण थीसिसवर नाव तिचं आहे. सगळे तक्ते, सगळे निष्कर्ष याच आकड्यांवर उभे आहेत. सोळा घरांचे, चौसष्ट घरांचे, सगळे. हे दोन दिवसांत दुरुस्त होत नाही. पुढच्या टर्मला नव्याने सादर करा." ते तिच्याशी मात्र मऊ बोलले. "मुली, तुला येतं. म्हणूनच सोडत नाहीये."

ती "थँक्यू सर" म्हणाली आणि फळा पुसला.

मी कंपनीला मेल लिहिला. पहिल्यांदाच माझ्या लिखाणात एकही विनोद नव्हता. उत्तर दोन ओळींचं आलं: जागा दुसऱ्या उमेदवाराला दिली आहे, पुढे कधी भरती निघाली तर अर्ज करावा.

हे फोनवर सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून तिला बोलावून घेतलं. ती आली ती उभीच राहिली. मी सांगितलं. हॉस्पिटलच्या फाटकाशी ड्यूटी बदलत होती, खिडकीतून साड्यांची रांग दिसत होती. ती तिकडे बघत होती.

"सर, एक विचारू?"

"विचार ना."

"पान काढायला सांगितलंत, तेव्हा ते वाचलं होतंत?"

मला तीन-चार उत्तरं सुचली. मला नेहमी सुचतात.

"नाही," मी म्हणालो.

तिने मान हलवली, जणू हे तिला आधीच ठाऊक होतं. "दादरच्या एका क्लासमध्ये शिकवायला लागतेय उद्यापासून. अकरावीचं गणित. थीसिसचं रात्री बघीन."

"काही लागलं तर सांग."

"नको सर. मी करते."

जिना उतरून ती रस्ता ओलांडताना दिसली. फाटकाशी तिची आई उभी होती, हातात डबा. दोघी काही बोलल्या. आईने डबा पिशवीत टाकला आणि एकदा मान वर करून आमच्या इमारतीकडे पाहिलं. मी खिडकीतून मागे सरकलो.