परीक्षेच्या आठवड्यात रिकामी रांग

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. तिशी उलटली, कानामागे एक पांढरा केस दिसायला लागला, तरी धाकटीच. थोरल्या बहिणीच्या घरी मागच्या खोलीत राहायची. ताई शिवणकाम करायची, भाऊजी लिफ्टदुरुस्तीचे. दोघांचं आपसात पटायचं नाही, पण एका बाबतीत एकमत होतं: ही पोरगी कोणाला 'नाही' म्हणू शकत नाही आणि त्यापायी एक दिवस भोगणार.

एकदा भोगून झालंही होतं. औषधदुकानाच्या परवान्याची परीक्षा ती दोनदा नापास झाली होती. पहिल्यांदा तापानं. ताप काय, कोणालाही येतो. दुसऱ्यांदा मात्र स्वतःच्या हातानं. तिसरी संधी शेवटची, त्यानंतर नियमानं बसताच येत नाही. ज्या दुकानात ती सकाळी गोळ्यांची खोकी लावायची, त्या दुकानाचे काका म्हणायचे, "तू पास हो, काउंटरमागची खुर्ची तुझी. माझे गुडघे आता माझं ऐकत नाहीत." हे ते तीन वर्षं म्हणत होते. पण गुडघे तरी किती वर्षं थांबणार?

दुपारी तिचं दुसरं काम असे, घरीच, कॉम्प्युटरवर. लोक कंपन्यांना फोन करून तक्रारी करतात ना, त्या बोलण्याचा मजकूर मशीन तयार करतं आणि भलतंसलतं लिहून ठेवतं. ते ऐकून दुरुस्त करायचं. एकेक क्लिप रांगेत येते, ती उचलायची, नीट करायची, पाठवायची, पुढची उचलायची. ऐकून ऐकून तिला लोकांच्या भांडणांची इतकी सवय झाली होती, की ताई-भाऊजींचं जुंपलं की ती मनातल्या मनात स्वल्पविराम टाकायची.

या कामाची एक रीत होती. दर शुक्रवारी पुढच्या काही आठवड्यांचा तक्ता भरायचा: कोणत्या आठवड्यात किती क्लिप झेपतील. चालू आठवडा आणि त्याच्या पुढचा, हे दोन बंद. त्यांचं काम आधीच वाटून झालेलं असतं. त्यापलीकडचे आठवडे आपल्या हातात. जास्त लिहून कमी केलं, की नाव खाली जातं आणि पुढचं काम दुसऱ्याला मिळतं. गेल्या खेपेला धाकटीनं तक्त्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. दर आठवड्याला सारखाच आकडा, परीक्षेच्या आठवड्यातसुद्धा! पेपरच्या आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत कोणा अनोळखी माणसाच्या मोडलेल्या वॉशिंग मशीनचं रडगाणं ऐकत बसली होती. दुसऱ्या दिवशी प्रश्नपत्रिका समोर आली, तर डोक्यात मात्रांऐवजी ते मशीन गरगरतंय.

म्हणून या वेळी तिनं कंबर कसली. परीक्षेला दीड महिना असतानाच तक्ता उघडला, परीक्षेच्या आठवड्यासमोर ठळक शून्य मांडलं आणि त्याआधीच्या उघड्या आठवड्यांमध्ये नेहमीच्या दुप्पट आकडे लिहिले. आधी करून टाकू, मग निवांत वाचू. भाऊजींना दाखवलं.

"शाब्बास," भाऊजी म्हणाले. "आता खरी शहाणी झालीस."

मला विचाराल तर शहाणपण असं एका फटक्यात येत नसतं. पण त्या दिवशी धाकटीची छाती फुगली होती, आणि का फुगू नये? पहाटे अभ्यास, सकाळी दुकान, दुपारी क्लिप. उत्साहाच्या भरात पहिल्या आठवड्यात तिनं ठरल्यापेक्षाही जास्त कामं उचलली. हात चालत होता, मशीनपेक्षा आपणच बऱ्या असं वाटत होतं.

मग सराव परीक्षेचा दिवस आला. खऱ्या परीक्षेसारखीच, घड्याळ लावून, दुकानामागच्या खोलीत, काका पर्यवेक्षक. दहाला बसायचं होतं. आठला तिनं सहज रांग उघडून पाहिली. परत आलेल्या क्लिपांचा ढीग!

ही गोष्ट तिला ठाऊक नव्हती असं नाही. पाठवलेलं काम तपासणारी माणसं असतात, त्यांना आठवडाभर, कधी त्याहूनही जास्त लागतो, आणि जे पटत नाही ते शेरा मारून परत येतं. परत आलेलं काम रांगेत सगळ्यात वर बसतं. दोन दिवसांत निस्तरलं नाही, तर खातं थांबतं. एरवी कधीमधी चार-दोन परत यायच्या, चहा निवेपर्यंत होऊन जायच्या. पण तिनं भरमसाट काम केलं होतं, तेही घाईत. भरमसाट कामाचं परतीचं कामही भरमसाटच येणार, नाही का? आणि त्यातल्या बऱ्याच क्लिपांची मुदत आजच संपत होती. परतीची सूचना परवाच येऊन पडली होती, हिनं अभ्यासाच्या नादात पाहिलीच नव्हती.

सराव परीक्षा बुडाली. काकांना फोन करून काहीतरी थाप मारली, ती त्यांना पटली नाही हेही तिला कळलं. दुपारी तीनला शेवटची क्लिप पाठवून तिनं तक्त्याकडे पाहिलं, आणि आता कुठे तिला खरा हिशेब दिसला. परीक्षेच्या आठवड्यात नवं काम शून्य, हो. पण त्याच्या आधीच्या आठवड्यात दुप्पट काम लिहिलंय. त्याचं परतीचं कधी येणार? नेमकं परीक्षेच्या आठवड्यात. शून्य कसलं ते! आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता, तोही मोजून-मापून.

ती ताईच्या शिलाई मशीनशेजारी येऊन बसली आणि रडायलाच लागली.

"आता काय झालं?" ताईनं पाय थांबवला.

तिनं सगळं सांगितलं. ताईला क्लिप कळत नव्हती, रांग कळत नव्हती, पण एवढं कळलं.

"मग सांग ना त्यांना, नाही जमणार म्हणून."

"काढून टाकतील गं. आधी लिहायचं आणि मग रडायचं, असं म्हणतील."

"म्हणू देत. तोंड आहे ना तुला? की तेही उसनं आणायचं?" ताई चिडली की असंच बोलायची. "तिसऱ्यांदा नापास झालीस तर हेच काम जन्मभर करशील. लाव फोन. माझ्यासमोर लाव."

फोन लागला गटप्रमुख बाईंना. धाकटीनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांचे संदेश असायचे दोन-दोन शब्दांचे: 'पाहिलं. ठीक.' किंवा 'पुन्हा करा.' गटात सगळे त्यांना चपळ चाबूक म्हणत, अर्थात त्यांच्या माघारी. धाकटीनं अडखळत सुरुवात केली, परीक्षा, शेवटची संधी, परतीचं काम.

"बोलून झालं?" बाई म्हणाल्या. "बरं, ऐक. पुढचा आठवडा बंद झालाय, त्याचं काम वाटलं गेलंय, ते मी काढू शकत नाही."

धाकटीनं डोळे मिटले.

"पण त्या आठवड्याचं काम पहिल्या तीन दिवसांत संपव. घाई करू नकोस, फक्त लवकर बस. तुझ्या क्लिप आधी तपासायला मी सांगते. म्हणजे परतीचं त्याच्या नंतरच्या आठवड्यात येईल, परीक्षेच्या नाही. आणि तो नंतरचा आठवडा अजून उघडा आहे, तिथे नवं काम शून्य लिही. परतीचं तेवढं कर. परतीचं काम हेही कामच असतं, त्याला जागा ठेवायची असते. हे कोणी सांगितलं नव्हतं तुला?"

"नाही."

"माझी चूक. सांगायला हवं होतं."

"तुम्हाला राग नाही आला? मी आकडा कमी करतेय…"

"अगं बाई, शून्य लिहिणाऱ्या माणसाचा मला त्रास नसतो. त्याचं काम मी तीन आठवडे आधी दुसऱ्याला देते आणि शांत झोपते. पन्नास लिहून ऐन वेळी दहा करणारा माझा जीव खातो. तू आज सांगतेयस, म्हणजे माझ्यावर उपकारच करतेयस. अजून काही?"

अजून काही नव्हतं. फोन ठेवला, आणि धाकटीचा जीव असा भांड्यात पडला, की तिला खुदकन हसू आलं. ताईनं "बघ, खाल्लं का कोणी तुला?" म्हणून पुन्हा पाय चालवायला घेतला. त्या आठवड्याच्या कमाईला कात्री लागणार होती. लागू दे, धाकटी म्हणाली.

पुढचं सगळं लिहिल्याप्रमाणे झालं, असं सांगितलं तर तुमचा विश्वास बसणार नाही. एक दिवस वीज गेली, एक दिवस दुकानात माल आला. पण तीन दिवसांचं चार दिवसांत झालं. परतीच्या क्लिप मधल्या आठवड्यात आल्या, रोज थोड्या थोड्या. सकाळी सूचना पाहायची, दुपारी निस्तरायचं, मग पुस्तक. राहिलेली सराव परीक्षा काकांनी पुन्हा घेतली आणि मोठ्यानं गुण वाचून दाखवले, रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू जावेत इतक्या मोठ्यानं.

पेपरच्या दोन दिवस आधी गटात एक संदेश आला. कोणाचं तरी काम अडलंय, जादा क्लिप कोण घेईल, मोबदला दीडपट. जुनी खोड ती. धाकटीचं बोट 'मी घेते' लिहायला गेलंसुद्धा. तेवढ्यात गटप्रमुख बाईंचा वेगळा संदेश आला, फक्त तिला: 'तुला विचारलेलं नाही.'

त्या दिवशी तिनं रांग उघडली नाही. पेपरच्या आदल्या दिवशीही नाही. आणि परीक्षेच्या सभागृहातून बाहेर आली, ती चक्क हसत. ताई फाटकाशी उभी होती. "कसा गेला?" विचारायची तिची हिंमत होईना, म्हणून "भूक लागली का?" विचारलं.

निकाल लागला. पास. काकांनी खुर्ची पुसून ठेवली, भाऊजींनी उगाचच बिल्डिंगच्या लिफ्टला तेल घातलं, ताई स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

धाकटीनं गटप्रमुख बाईंना फोन करून निकाल सांगितला. पुढच्या महिन्यापासून दुकानात पूर्ण दिवस बसायचं होतं. क्लिपचं काम कमी करत करत थांबवायचं होतं, शेवटचे दोन आठवडे फक्त परतीचं. तिनं कोणता आठवडा कसा ते सगळं सांगितलं.

"किती आधी सांगतेयस," बाई म्हणाल्या. "मीही बसणार होते एकदा परीक्षेला. हिशेबतपासनिसांची. त्याच आठवड्यात परतीचा ढीग आला. निस्तरून मगच जाईन म्हटलं. गेलेच नाही." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण त्या घाईत नव्हत्या. "पुन्हा एकदा सांग. काय झालं निकालात?"

"पास झाले."

"जरा मोठ्यानं."

"पास झाले, बाई!" धाकटी ओरडलीच. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि बाई म्हणाल्या, "हं. आता बरं वाटलं."