स्टेटसपुरता संदेश

आमची धाकटी, म्हणजे माझी जाऊ, घरात सगळ्यांत कमी बोलते आणि दुसऱ्याचं बोलणं सगळ्यांत जास्त ऐकते. दुसऱ्याचं म्हणजे आमच्या सासऱ्यांचं. अप्पा दर शुक्रवारी फोनपुढे बसून भक्तीचा एक संदेश देतात. तो कापायचा, त्यावर अक्षरं चढवायची आणि जिथल्या तिथे टाकायचा, हे काम तिच्या गळ्यात पडलंय. लग्नाआधी ती एका स्टुडिओत व्हिडिओ एडिटिंग करायची, एवढाच तिचा गुन्हा.

कपाट आणि भिंत यांच्यामधल्या बोळकांडीत तिचं टेबल. खुर्ची मागे सरकवली तर कपाटाचं दार उघडत नाही. अप्पांना वाटतं, आपण बोललो की काम झालं. व्हिडिओ उभा असतो खरा, पण सगळीकडे एकच उभा चालत नाही. रीलवर उजवीकडे बदाम-बिदाम बटणं आणि खाली नाव-मजकूर येतो. अप्पांचे शब्द तिथे लिहिले तर झाकले जातात, म्हणून ती ते जरा वर, त्यांच्या छातीपाशी घेते. रीलला तीन मिनिटं चालतात, पण माणसं लगेच बोट फिरवून पुढे जातात, म्हणून ठसठशीत वाक्य सुरुवातीला. यूट्यूबच्या शॉर्ट्सलाही तीन मिनिटं, तिथे संदेश सबंध. आणि स्टेटसला जेमतेम मिनिटभर. उरलेलं कापायचं.

आमचं सगळं गणगोत मात्र फक्त स्टेटस बघतं. अप्पासुद्धा. कोणी कोणी पाहिलं, ती नावं वाचत बसतात.

मध्यंतरी तिला दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या स्टुडिओतून बोलावणं आलं. वर्षभराचं काम, राहायची सोय. माझ्या दिरानं, "अप्पांना विचार," म्हणून अंग काढून घेतलं. अप्पा म्हणाले, "जा की. पण मग संदेशाचं कोण बघणार? देवाचं काम अर्ध्यावर टाकू नये, बाई." झालं! देव मध्ये आणला की माणसानं बोलायचं काय? स्टुडिओला उत्तर आठवड्याभरात द्यायचं होतं.

त्या शुक्रवारचा संदेश दोन मिनिटांचा होता. रात्रीचा स्वयंपाक आवरतेय तोवर तिनं मला हाक मारली. पडद्यावर तीन उभ्या चौकटी शेजारी शेजारी मांडल्या होत्या.

"ताई, हे ऐका."

स्टेटसच्या चौकटीत अप्पा म्हणत होते, "घरात राहून जो आपल्या माणसांची सेवा करतो, त्याला देव शोधायला बाहेर जावं लागत नाही." तिथे मिनिट संपलं. मग तिनं शॉर्ट्सची चौकट पुढे सरकवली. अप्पा बोलतच होते, "पण सेवा ओढून घेतली की तिची वेठ होते. ज्याला जायचंय, त्याच्या वाटेत उभे राहू नका. देव त्याच्याबरोबरही जातो."

"अगं बाई," मी म्हटलं, "हे कधी बोलले?"

"नेहमीच बोलतात. सुरुवातीला घरचं, मग 'पण' म्हणून हे. मी दर वेळी 'पण'च्या आधी कापते. तिथेच मिनिट संपतं ना! परकी माणसं सगळं ऐकतात. आपल्या घरात कुणी ऐकलेलंच नाही."

तिनं स्टेटससाठी 'पण'पासूनचा अर्धा तुकडा घेतला. टाकताना तिचं बोट पडद्यावर नुसतंच थांबलं होतं. मीच म्हटलं, "टाक."

सकाळी नातेवाइकांचे फोन सुरू झाले. काय सुरेख बोललात, डोळे उघडलेत! अप्पा हातात फोन घेऊन टेबलापाशी आले. आवाज मोठा करून पुन्हा पाहिलं.

"आधीचं कुठे गेलं?"

"रीलला आणि शॉर्ट्सला सगळं आहे, अप्पा. स्टेटसला सगळं बसत नाही."

"आणि हे मीच बोललो?"

"तुम्हीच."

मी भाजीची पळी हातात धरून दारात उभी. मनात म्हणत होते, म्हणा, म्हणा आता, जा पोरी म्हणून. अप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मायेनंच ठेवला, तेच तर वाईट.

"माझ्या लांबणीमुळे तुला किती कापाकापी करावी लागते! यापुढे मी स्टेटसपुरतंच बोलत जाईन."

पुढच्या शुक्रवारी तिनं फोन स्टँडवर लावला. अप्पा बसले, हात जोडले, घरात राहून सेवा करणाऱ्याचं मोठेपण सांगितलं आणि 'पण'च्या अलीकडे थांबले. कुठेही कात्री लावावी लागली नाही. तीच फाइल तिन्हीकडे जाणार होती. टेबलावर तिचा स्वतःचा फोन थरथरला, स्टुडिओचा होता. तिनं तो पालथा घातला.

"बसलं ना गं सगळं?" अप्पांनी हौसेनं विचारलं.

"बसलं, अप्पा."