एक दाबून गप्प बसलेली बाई

चार वर्षांपूर्वी, चौसष्टाव्या अल्लड वयात, मी पैठणीच्या लकी ड्रॉसाठी आधार, पासबुक आणि एटीएम कार्डाचे फोटो एका अनोळखी नंबरवर पाठवले. बक्षीस खात्यात जमा होणार होतं म्हणे. कार्डाची मागची बाजूसुद्धा पाठवली. अर्धवट काम मला आवडत नाही.

आठवड्याने गोड आवाजाचा फोन आला. "आजी, तुमचं सिम फाइव्ह-जी करतोय. मेसेज येईल, उत्तरात एक पाठवा. मग दिवसभर फोन बंद राहील, हात लावू नका."

मेसेज इंग्रजीत होता. चष्मा आत होता. कोण उठतंय? पाठवला एक!

चार वाजता रेंज गेली. मी खूश. काळेवाडीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगून आले, "आमचं अपग्रेड चाललंय."

दुसऱ्या दिवशी तीनला खालच्या मोबाईल दुकानात गेले, तेही मिरवायलाच. दुकानदारभाई माझ्या फोनला नेहमी 'म्युझियम पीस' म्हणायचे.

"भाई, उद्यापासून फाइव्ह-जी!"

"या म्युझियममध्ये?" ते हसले. मग माझी स्क्रीन पाहून त्यांनी स्वतःचा फोन काढला. त्यांच्याही फोनमध्ये त्याच कंपनीचं सिम होतं आणि रेंज पूर्ण होती. "काकू, कुठल्या मेसेजला उत्तर म्हणून एक दाबलं होतं का?"

"हो की."

"मग नेटवर्क नाही गेलं, तुमचा नंबरच गेला. तुमच्या त्या 'एक'ची परवानगी धरून कुणीतरी डुप्लिकेट सिम काढलंय. ते चालू झालं की तुमचं बंद. नव्या सिमवर पहिले चोवीस तास मेसेज येत नाहीत. ते संपले की बँकेचे ओटीपी त्याच्याकडे. रेंज कधी गेली?"

"काल चारला."

भाईंनी घड्याळ पाहिलं. त्या खात्यात ह्यांचा आकुर्डीच्या कंपनीतून मिळालेला सगळा फंड होता.

भाईंच्या फोनवरून, माझ्या कार्डामागचा बँकेचा नंबर लावून, आधी खातं गोठवलं. मग सिमच्या कंपनीला फोन केला, ते सिम बंद व्हायला साडेचार वाजले; सायबर हेल्पलाइनला तक्रार दिली आणि आधार घेऊन मी त्या सिम कंपनीच्या गॅलरीत, म्हणजे दुकानात, पळाले, माझा नंबर परत मिळवायला. ह्यांना सांगायचं धाडस मात्र रात्रीच्या जेवणापर्यंत लांबवलं.

सकाळी दोघं बँकेत गेलो. मॅडमनी कॉम्प्युटरवर पाहिलं. "काल चार वाजून दहा मिनिटांनी पासवर्ड बदलून तुमच्या खात्यात कुणीतरी शिरलं होतं. पैसे पाठवायला गेलं, पण खातं गोठवलेलं. पैसा हलला नाही."

मी ह्यांच्याकडे पाहिलंच नाही. रिक्षात बसल्यावर हे म्हणाले, "तीस वर्षं शिफ्ट केल्या मी. तू एक बोट दाबून मला परत फर्स्ट शिफ्टला पाठवत होतीस. पैठणीचं काय झालं, ते तरी सांग."