गुरुजींचं नाव खाली कसं?

सातवीनंतर शाळा सोडून मी कोकणातून वर्ध्याला आलो आणि टायपिंग शिकून एका दुकानात लागलो. ज्या घरी राहत होतो, तिथल्या काकांनी मला परका मानलं नाही. म्हणून त्यांच्या मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाचा कागद टाइप करायला मी आनंदानं बसलो. तो आनंद पहिल्या पानापुरताच टिकला.

मुलगी इंटर सायन्सला पहिल्या वर्गात आलेली. शिष्यवृत्ती मिळाली तरच नागपूरला बी.एस्सी., नाहीतर तिचं लग्न बघायचं हे घरात ठरलेलं. तिच्या वनस्पतिशास्त्राच्या सरांनी क्रम सांगून दिला होता: आधी इंटर, मग मॅट्रिक, मग ज्वारीच्या काणी रोगावर बियाण्याला गंधक लावून केलेला प्रयोग, मग तिनं चालवलेला बायकांचा साक्षरता वर्ग आणि शेवटी शिफारस करणारे दोघं. त्यात पहिले ते स्वतः, कारण प्रयोग त्यांच्यासमोर झाला होता.

काकांनी कागद पाहिला आणि चष्मा काढला.

"गुरुजींचं नाव खाली काऊन?"

गुरुजी म्हणजे गावच्या शाळेचे म्हातारे हेडमास्तर. मुलीला मुळाक्षरं त्यांनीच शिकवलेली.

"सरांनीच तसं सांगितलंय, काका."

"तो सर काल आला. गुरुजी माह्याहून मोठे. पंगतीत कोणी त्यायले मागं बसवते का? वर घे बाबू."

मी वर घेतलं. म्हणजे टाइपरायटरवर नुसती ओळ हलवता येत नाही, अख्खं पान पुन्हा मारायचं, कार्बन कॉपीसकट. संध्याकाळी मुलीनं ते पाहिलं आणि डोक्याला हात लावला. "भाऊ, कमिटी पहिल्या नावालेच पत्र टाकून इचारते म्हणे. गुरुजी काय लिहितीन? पोरगी देवळात फुलं नेते?" मी परत खाली घेतलं. काका त्या रात्री माझ्याआधीच जेवून उठले. ही खोली गेली तर या मुलखात माझं दुसरं कोण होतं? आणि तरी दोघांचाही राग येत होता.

शेवटी ज्यांचं नाव द्यायचं त्यांना आधी विचारावं लागतं, म्हणून आम्ही तिघं गुरुजींकडे गेलो. काकांनी मोठ्या मानानं विषय काढला. गुरुजींनी मुलीलाच विचारलं, "प्रयोग पाह्यला कोणी?"

"सरांनी."

"मंग मले वर कायले बसवता? मी साक्षरता वर्ग पाह्यला. माही सून तिथंच सही शिकली. तेवढं लिहून देतो."

मला हायसं वाटलं, तोच गुरुजी म्हणाले, "पण 'निवृत्त मुख्याध्यापक' पुरं लिहिजो, बाबू. आखूड नाई."

अर्ज इंग्रजीत, आणि एवढं लांब पद त्या ओळीत मावत नव्हतं. पान पुन्हा मारलं. दात-ओठ खाऊन मारलं.

उन्हाळा सरता सरता मंजुरीचं पत्र आलं. काका पेढे घेऊन आधी गुरुजींकडे गेले, मग सरांकडे. माझ्या ताटात दोन पेढे काकूंनी वाढले. पावसाळ्यात मुलीची ट्रंक नागपूरच्या गाडीत मीच चढवली.