शंभर अंशांचं अंतर

परदेशातल्या आमच्या हेन्डरसन उपनगराच्या हॉलमध्ये मराठी मंडळाची भूगोलाची क्विझ होती. शेवटच्या प्रश्नाआधी दोन्ही संघ बरोबरीत होते. एक शहर १७५ अंश पूर्वेला, दुसरं ७५ अंश पूर्वेला. पहिल्यात सूर्यानुसार दुपारचे बारा, तर दुसऱ्यात किती? पुण्याला आईला रोज फोन करणारी मी, सवयीने आमच्या आणि तिथल्या घड्याळांतला साडेसात तासांचा फरक वजा करून बझरकडे हात नेला. माझ्या जोडीदार काकूंनी तो धरला.

"अगं, आईला फोन नाही लावायचाय! अंश मोज."

शंभर अंश, दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे सहा तास चाळीस मिनिटं. मी बझर दाबला.

"पहाटेचे पाच वीस!"

आम्ही जिंकलो. घड्याळाची वेळ सरकार ठरवतं, सूर्य नाही, यावर एरवी तावातावाने भांडणारी मीच, आणि सूर्याची वेळ विचारल्यावर घड्याळाचीच सांगायला निघाले होते. काकूंनी हसत हसत मला सांभाळून घेतलं, याचं फार बरं वाटतं.